कोरडं कौतुक

निजामाच्या राज्यात, जालन्याच्या मस्तगडात कुणाचं काही बिघडलं की हकीम नंतर आठवायचा, आधी आठवायची नजर. म्हैस आटली, नजर लग गई. नवं दुकान मांडलं आणि गिऱ्हाईक फिरकेना, नजर लग गई. नवरीच्या अंगावर पुरळ उठलं, तिलाही नजरच. मारवाडी घरांच्या हिंदीत या बोलण्याची एक सोय होती. नजर कुणी लावायचं नाही, ती आपली आपण लागायची, कपड्याला धूळ लागावी तशी. कुणाचं नाव घ्यायला नको, भांडण नको. पण ही सोय पहिल्या वाक्यापुरतीच. दुसरं वाक्य पाठोपाठ यायचंच, "किसकी लगी?" आणि तिथून पुढे कुणाची ना कुणाची मान अडकायची. ती मानही ठरलेली असायची. विधवेची, वांझेची, नाहीतर मोलकरणीची. शेठाणीची नजर कुणाला लागल्याचं मस्तगडात कुणी कधी ऐकलं नव्हतं. शेठाण्यांना डोळे नव्हते असं थोडंच आहे!

द्वारकाबाई तीर्थपुरीकडची. तिच्या गावी नजर म्हणत नसत, दिष्ट म्हणत. शब्द निराळा, भीती तीच. दोन लेकरं बाळसं धरता धरता गेली, तेव्हा तिसऱ्याचं नाव तिनं कडूबा ठेवलं. कडू वस्तूला कोण तोंड लावतंय? नाक टोचलं, कपाळाच्या कडेला काजळाचं बोट लावलं, आणि लेकरू कसं आहे म्हणून कुणी विचारलं की सांगायची, "हाये मेलं, रडतं किडकं." मनातून मात्र त्याच्या मांड्यांच्या वळ्या बघून तिचा जीव हरखून जायचा. तेवढंही तिला पाप वाटायचं, कारण आईची दिष्ट सगळ्यात वाईट म्हणतात. मग ती मान वळवायची.

तिचा नवरा कारभारी गिरधारीलाल शेठच्या कापसाच्या कारखान्यात हमाल होता. शेठच्या सुनेला, भगवतीदेवीला मुलगा झाला आणि महिन्याभरातच तिचं दूध आटलं. "दूध को नजर लग गई," शेठाणी तारादेवी म्हणाली. ही गिरधारीलालची बायको, भगवतीदेवीची सासू, आणि नजरेच्या कारभारात सगळ्या मस्तगडाची दिवाण. तिनं मोहरी-मीठ उतरवलं, दारात लिंबू-मिरची टांगली, पण दूध काही आलं नाही. तेव्हा कारभाऱ्याला बोलावून सांगितलं की तुझी बायको पाठव. अशा रीतीनं द्वारकाबाई दोन लेकरांची आई झाली. आधी शेठांचा नातू लल्ला प्यायचा, उरलेलं कडूबाला.

नशिबाची थट्टा अशी की उरल्यासुरल्यावर कडूबा फुगला आणि लल्ला काही धरीना. लल्लाच्या मनगटात काळ्या-पांढऱ्या मण्यांचा नजरिया, गळ्यात वाघनख, गालावर काळा टीका, अंगावर मुद्दाम फाटकं झबलं. एवढ्या पहाऱ्यात तो बिचारा दोन घोट प्यायचा आणि झोपायचा. तरी द्वारकाबाईला त्याची माया लागली होती. दुधाला कुठं कळतं लेकरू कुणाचं ते! तिच्या लुगड्याचा वास आला की लल्ला डोळे मिटूनच हसायचा, आणि तेवढ्यापुरती ती त्याचीही आई असायची.

शेठच्या घरात कौतुकाचे कायदे कडक होते. मूल चांगलं दिसतंय असं म्हणायचं नाही. म्हटलंच तर त्याला टोकणं म्हणत, आणि ज्यानं टोकलं त्यानंच लगेच मुलाच्या बाजूला तोंड करून थू थू करायचं. थुंकी पडली की कौतुकाचं विष उतरलं. शेजारची मुसलमान बाई आली तर ती माशाअल्ला म्हणायची, तेही चालायचं. पण कोरडं कौतुक करून कुणी उंबरा ओलांडला तर तारादेवी माणूस पाठवून त्याला परत बोलवी आणि थुंकायला लावी. भले भले व्यापारी तिच्या ओसरीवर येऊन निमूट थुंकून गेलेले होते.

आणि हा कायदा मोडला तो तिच्याच सुनेनं. थंडीचे दिवस होते. द्वारकाबाईनं दोघांना तेल चोळून अंगणातल्या उन्हात गोधडीवर टाकलं होतं. लल्ला कुरकुरत होता. कडूबा उघडानागडा, पाय झाडत, तोंडभर हसत होता. भगवतीदेवी आतून आली, वीस वर्षांचीही नसेल ती, आणि त्याच्याकडे बघून भान हरपून बोलून गेली, "हाय राम! कितना मोटा-ताजा है! हमारे लल्ला से दूना!"

बोलली. थुंकली नाही. द्वारकाबाई वाट बघत राहिली. झोपाळ्यावर जपमाळ ओढणाऱ्या तारादेवीचा हातही क्षणभर थांबला. पण हमालाच्या पोरावर शेठच्या सुनेनं थुंकायचं म्हणजे त्याला काही लागण्याजोगं आहे हे कबूल करायचं. भगवतीदेवी लल्लाला उचलून आत गेली. जपमाळ पुन्हा चालू झाली.

संध्याकाळी कडूबा तापला. रात्री त्यानं छाती तोंडात घेतली नाही. सकाळी ओकला.

आता लेकराला ताप कशानंही येतो. थंडीत उघडं टाकलं होतं, तेल गार होतं, काहीही असेल. पण द्वारकाबाईच्या कानात ते "दूना" घुमत होतं. तिनं थोडं मीठ, मोहरी आणि सुक्या लाल मिरच्या मुठीत घेतल्या आणि कडूबावरून सात वेळा ओवाळल्या. "आल्याची-गेल्याची, घरच्याची-दारच्याची, भुताची-खेताची, पापीनीची, आईची-बापाची, कुनाची लागली आसंल तर जळून जाय!" आणि मूठ चुलीत टाकली. दिष्ट नसली तर मिरचीचा असा ठसका उठतो की घरात उभं राहवत नाही. दिष्ट असली तर ती ठसका खाऊन टाकते. मोहरी तडतडली, मिरच्या काळ्या ठिक्कर पडल्या, आणि खोलीत कुणाला साधी शिंकही आली नाही.

शेजारची सगुणाबाई दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. "जबर हाये गं बाई. कुनाची?"

द्वारकाबाईनं कडूबाला पदराखाली घेतलं.

"मला ठावं हाये," सगुणाबाई खालच्या आवाजात म्हणाली. "पर नाव घेऊ नगंस. कारभारी त्यांच्याच कारखान्यात हाये."

"मंग काय करू मावशी? लेकरू डोळे पांढरे करून राह्यलंय."

"काय करनार? जिची लागली तिच्याच हातानं उतरती. तिनं थुकावं लेकरावर, न्हाई तर हात फिरवावा. आपल्या आपल्यात आपन सांगतोच की, 'बाई, तुमची लागली वाटतं, जरा थुका.' त्यात कुनाला राग येत न्हाई."

खरंच येत नसे. बरोबरीच्या बायकांत ही रीत साधी होती. एकीनं म्हणायचं, दुसरीनं हसत यायचं, थुंकायचं, गूळ खाऊन जायचं. नजर चांगल्या माणसाचीही लागते, मायेच्या माणसाची तर आधी लागते, हे सगळ्यांना माहीत होतं. पण ही बरोबरी द्वारकाबाईनं आणायची कुठून?

तरी ती गेली. आईला लाज नसते. कडूबाला पदरात गुंडाळून तिनं वाड्याचं मागचं दार गाठलं. भगवतीदेवी मोरीजवळ होती. द्वारकाबाई म्हणाली, "बाईसाब, लेकरू आजारी हाये. तुमचं काई न्हाई, तुमी तर मायेनं बोलला. पर जरा थू करा त्याच्यावर. बस, येवढंच."

भगवतीदेवीचा चेहरा उतरला. ती पोर वाईट नव्हती. खरं तर तिलाही दोन दिवस तेच खात असावं, कारण तिनं कडूबाच्या तोंडावरचा पदर लगेच बाजूला केला आणि वाकली. ओठ जुळवलेसुद्धा.

"बहू!"

तारादेवी आतल्या दारात उभी होती.

"थूकना मत. थूकेगी तो मानेगी कि तेरी लगी. फिर सारा मस्तगड बोलेगा, गिरधारीलाल की बहू की नजर खराब है. तेरे मायके तक बात जाएगी. देवर का रिश्ता कौन करेगा?"

"माँजी, बच्चा है..."

"अपने बच्चे को देख."

भगवतीदेवीनं ओठ मिटले. तोंडात आलेली थुंकी तिनं गिळली. गळा हलताना द्वारकाबाईनं बघितला. भिकारीसुद्धा जे रस्त्यावर फुकट टाकतो तेवढंच मागायला ती आली होती, आणि तेवढंही त्या घरातून निघालं नाही.

"और सुन, द्वारका," तारादेवी शांतपणे म्हणाली, "लल्ला भूखा है. उसको पिला के जा."

तिनं लल्लाला पाजलं. कडूबा शेजारी फरशीवर कण्हत होता.

आता एकच उपाय राहिला होता, आणि तोही सगुणाबाईनंच सांगितला. थुंकी मिळत नसेल तर जिची लागली तिच्या पायाखालची माती आणायची, तिला कळू न देता, आणि मिरच्यांबरोबर जाळायची. कारभारी म्हणाला, "असलं काई करू नको. नोकरी जाईल." पण एवढं बोलून तो कामाला निघून गेला, आणि जाताना लेकराकडे बघायचं त्यानं टाळलं.

भगवतीदेवी सकाळी तुळशीला पाणी घालून मंदिरात जायची. द्वारकाबाई फाटकापाशी थांबली. ओल्या पावलाचा ठसा धुळीत स्वच्छ उमटला होता. ती पुढे गेल्यावर द्वारकाबाई खाली बसली आणि डाव्या हातानं त्या ठशाच्या टाचेची माती उचलून पदरात बांधू लागली.

"पाँव की मिट्टी!" वरच्या झरोक्यातून तारादेवी ओरडली. "मेरी बहू के पाँव की मिट्टी उठा रही है! टोना करती है, टोना!"

यातली मेख अशी की नजर उतरवायला जी माती लागते तीच करणी करायलाही लागते. मातीवर काही लिहिलेलं नसतं. उचलणाऱ्याचा हात कुणाचा, एवढ्यावर सगळं ठरतं. शेठाणीनं उचलली असती तर उतारा झाला असता. हमालाच्या बायकोनं उचलली म्हणून टोना झाला. दरवानानं तिचं मनगट पिरगाळून मूठ उघडली, माती पायानं विस्कटली आणि तिला फाटकाबाहेर ढकललं. लल्लाला पाजायचं बंद झालं. जिच्या मनात करणी, तिचं दूध विषासारखं.

मग लल्लाला गाईचं दूध सुरू झालं. बाईच्या अंगावरचं प्यायलेलं लेकरू ते, त्याला वरचं दूध पचेना. जुलाब लागले, दिवसभर किंचाळायचं, बाटलीचं तोंड लावलं की मान फिरवायचं. भूक लागली होती हो त्याला, दुसरं काही नाही! हकीमसाहेबांनी येऊन पुडी दिली आणि जाता जाता सांगितलंही की जिचं दूध पीत होता तिला बोलवा. पण हकीमाचं ऐकायला घरात कान कुणाचे मोकळे होते?

तारादेवीनं फिटकरी मागवली. तुरटीचा सुपारीएवढा खडा लल्लावरून ओवाळला आणि निखाऱ्यावर ठेवला. तुरटी तापली की फुगते, वेडीवाकडी वर येते, आणि ज्याची नजर लागली त्याची आकृती धरते अशी समजूत. गल्लीतल्या बायका भोवती गोळा झाल्या. खडा फुगला, फसफसला, पांढराफटक गोळा झाला. तारादेवीनं चिमट्यानं तो फिरवून फिरवून बघितला.

"यह देखो. औरत है. छाती से बच्चा लगाया है." मग बोट पुढे करून, "और यह पीछे काछ निकली है. घाघरा नहीं है. मराठन है."

गोळ्याला घाघरा नव्हता हे खरंच होतं. बायकांनी हुंकार भरला. ज्यांना काही दिसलं नव्हतं त्यांनी जरा मोठ्यानं भरला.

दुपारी द्वारकाबाईला बोलावणं आलं. ती आली तेव्हा ओसरी भरलेली होती. कडूबा तिच्या खांद्यावर होता. चार दिवसांत त्याच्या मांड्यांच्या वळ्या गेल्या होत्या, कातडी लोंबत होती. आता कुणाची नजर लागावी असं त्याच्यात काही उरलं नव्हतं.

"जिसकी लगी वही उतारे," तारादेवी म्हणाली. "थूक लल्ला पर."

द्वारकाबाईनं आयुष्यात पहिल्यांदा शेठाणीच्या डोळ्याला डोळा दिला. "मी थुकते, माँजी. पर आधी बाईसाबनं माज्या लेकरावर थुकावं. बराबर हाये का न्हाई?"

 तारादेवीनं ओसरीवरच्या बायकांवरून एकदा नजर फिरवली. मग एकदम मवाळ आवाजात म्हणाली, "ठीक है. पहले तू. मेरा बच्चा तड़प रहा है. तू उतार दे, फिर बहू भी आएगी. इतनी औरतों के सामने बोल रही हूँ."

भगवतीदेवी खांबाआड उभी होती. तिनं मान हलवली. त्या मानेवर द्वारकाबाईनं विश्वास ठेवला.

कडूबाला फरशीवर ठेवून ती लल्लाजवळ गेली. त्यानं तिचा वास ओळखला आणि रडता रडता हात पसरले. तिनं त्याच्यावर थू थू थू केलं, कानशिलावरून हात फिरवून बोटं मोडली, आणि सवयीनं त्याला छातीशी घेतला. तारादेवीनंही अडवलं नाही. लल्ला प्यायला. अधाशासारखा प्यायला, दोन्ही मुठी तिच्या लुगड्यात रुतवून प्यायला, आणि पिता पिता गाढ झोपला. पोट भरलं म्हणून झोपला. पण ओसरीवरच्या एकाही बाईला ते तसं दिसलं नाही.

"देखा?" तारादेवी सगळ्यांकडे वळून म्हणाली. "थूकते ही उतर गई. अब तो साबित हुआ किसकी थी."

द्वारकाबाईनं लल्लाला अलगद खाली ठेवलं आणि कडूबाला उचलून पुढे केलं. "आता बाईसाब..."

"बहू क्यों थूकेगी? तेरे बच्चे को बाहरवाले की नजर क्यों लगेगी? घर में तेरे जैसी आँख है. माँ की नजर सबसे पहले अपने ही बच्चे को खाती है. तूने खाया है इसको."

हे वाक्य बाण म्हणून सोडलेलं होतं आणि ते बरोबर लागलं, कारण जिथं लागलं तिथं आधीच जखम होती. त्या मांड्यांच्या वळ्या बघून आपण हरखलो होतो. मान वळवायला कधीकधी उशीर झाला होता. पहिल्या दोघांनाही आपणच का? द्वारकाबाईनं कडूबाला पुन्हा खांद्यावर घेतलं. तिनं खांबाकडे बघितलं. भगवतीदेवीनं घुंगट पुढे ओढून घेतला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडूबा गेला. शेवटी शेवटी त्यानं आईच्या तोंडाकडे बघितलं, आणि द्वारकाबाईनं आपले डोळे घट्ट मिटून घेतले. आपल्या नजरेनं उरलासुरला जीवही जाईल म्हणून. मरत्या लेकराला तिनं डोळे भरून बघितलं नाही. तारादेवीनं तिच्याकडून एवढंही काढून घेतलं होतं.

कारभारी माणसं जमवायला आणि खड्डा खणायला गेला. सगुणाबाई पाणी आणायला गेली. द्वारकाबाई दाराशी बसून होती, कडूबा मांडीवर, पदरानं झाकलेला. दुपार झाली तरी ती तशीच होती. गल्लीत सामसूम होती, शेठांच्या घरी जेवणं उरकून वामकुक्षी चालली असेल.

तेवढ्यात मागच्या बोळातून भगवतीदेवी आली. डोक्यावरून ओढणी, कडेवर लल्ला, त्याचं तोंडही ओढणीनं झाकलेलं. सासूजवळ त्याला ठेवला असता तर रडून त्यानं तिला उठवलं असतं, म्हणून घेऊन आलेली. ती धापा टाकत होती.

"माँजी सो रही हैं," ती म्हणाली. "मुझे रात भर नींद नहीं आई, द्वारका. ला, जल्दी ला."

द्वारकाबाईनं पदर बाजूला केला. कडूबाचे डोळे मिटलेले होते. भगवतीदेवीनं वाकून बघितलं, झोपलाय असंच तिला वाटलं. घाईघाईनं तिनं थू थू थू केलं. थुंकीचा एक थेंब कडूबाच्या गार गालावर पडला. तो पुसायला द्वारकाबाईनं बोटसुद्धा उचललं नाही.

"अब उतर जाएगी ना?"

"उतरली, बाईसाब."

"ठीक हो जाएगा ना?"

"आता त्याला काई होत न्हाई."

भगवतीदेवीचा जीव भांड्यात पडला. डोळ्यांत पाणी आणून ती हसली. द्वारकाबाईचा आवाज ऐकून लल्लानं ओढणी ओढून टाकली, तिच्याकडे बघून खिदळला आणि दोन्ही हात पुढे केले. उन्हात त्याचं तोंड उजळलं. कालच्या दुधानं गालांवर जरा रंग आला होता.

द्वारकाबाईनं त्याच्याकडे बघितलं. मान वळवली नाही. आजवर कुठल्याच लेकराकडे तिनं असं बघितलं नव्हतं. सावकाश, पोट भरेपर्यंत, पायाच्या नखापासून टाळूपर्यंत बघितलं. तिची माया त्यातून कुठं गेली होती कोण जाणे. मस्तगडानं तिला जी नजर दिली होती ती ती आता वापरत होती.

"लल्ला किती गोड दिसून राह्यलाय, बाईसाब," ती म्हणाली. "कसा गोरा, कसा गुटगुटीत. आसं लेकरू मी सगळ्या जालन्यात पायलं न्हाई."

भगवतीदेवीचं हसू जागच्या जागी थांबलं. ती द्वारकाबाईच्या तोंडाकडे बघत वाट पाहू लागली.

"थूक दे, द्वारका," ती हळूच म्हणाली. मग रडवेली होऊन, "थूक ना!"

द्वारकाबाईनं ओठ मिटले, तोंडात आलेली थुंकी गिळली आणि कडूबावर पदर ओढून घेतला.